पदर उलटून बघा

दिवाळीआधी पुण्यात भरणाऱ्या एका प्रदर्शनात येवल्याच्या एका विणकर कुटुंबाला टेबल मिळालं होतं. निघायच्या पंधरा दिवस आधी घरच्या वहिनींचा मला फोन आला. "ताई, साडीशेजारी ठेवायला चार ओळी लिहून द्या. मागच्या वर्षी चार दिवस उभी होते. बायका यायच्या, साडीवरून हात फिरवायच्या, किंमत विचारायच्या आणि म्हणायच्या, अशीच तर पलीकडे साडेचार हजाराला आहे. आमची हातमागाची आहे म्हटलं, की म्हणायच्या, तेही हातमागाचीच म्हणतात."

घाण्याचं तेल, जंगलचा मध, हातसडीचा तांदूळ अशा मालासाठी चार ओळी लिहून देणं हे माझं नेहमीचं काम. या सगळ्यांची अडचण एकच असते. त्यांच्या मालासारखाच दिसणारा माल शेजारी निम्म्या-पाव किमतीत पडलेला असतो आणि या चार ओळींनी मधल्या फरकाचं कारण सांगायचं असतं. पण पैठणीइतकी ही अडचण दुसरीकडे कुठे टोकाला गेलेली मी पाहिलेली नाही. वहिनींच्या साडीची किंमत होती ३२,००० रुपये. पलीकडची साडेचार हजारांची. दोन्हींवर मोर, दोन्हींना नारळी काठ, दोन्ही त्याच जांभळ्या रंगात. दहा हातांवरून पाहिलं तर मलाही सांगता आलं नसतं.

वहिनींनी स्वतः एक मजकूर लिहून ठेवला होता. तो असा: "येवल्याची अस्सल पारंपरिक पैठणी. शुद्ध रेशीम, उत्कृष्ट दर्जा, शाही थाट. दोन हजार वर्षांची परंपरा, महाराष्ट्राची शान. खात्रीशीर खरेदीसाठी एकमेव ठिकाण."

यातला एकही शब्द खोटा लिहायचा त्यांचा हेतू नव्हता. पण मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली. हा कागद उचलून पलीकडच्या साडेचार हजारांच्या साडीशेजारी ठेवा आणि बघा, काही बिघडतं का. काहीच बिघडत नव्हतं. अस्सल, पारंपरिक, शाही, दर्जेदार हे शब्द तिथेही तितकेच शोभत होते, किंबहुना बहुतेक ठिकाणी तेच छापलेले असतात. जो मजकूर स्वस्त नकलेलाही लावता येतो, तो महाग मालाची किंमत कशी पटवून देणार? गिऱ्हाइकाच्या मनात त्यातून एवढंच उरतं, की दोघंही तेच सांगतात आणि एक जण सातपट पैसे मागतो.

या स्थितीचं अगदी नेमकं वर्णन जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९७० साली एका निबंधात केलं आहे. पुढे २००१ मध्ये त्यांना मायकल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं उदाहरण जुन्या मोटारींचं होतं. गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत खराब गाडी खुशीनं विकली जाते, चांगल्या गाडीचा मालक मात्र ती बाजारात आणायचंच सोडून देतो. मग बाजारात खराब गाड्यांचं प्रमाण आणखी वाढतं आणि किंमत आणखी उतरते. पैठणीच्या बाबतीत हे तंतोतंत खरं आहे. हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक जर गिऱ्हाइकाला कळतच नसेल, तर दोन्हीला मिळून तिच्या मनात सात-आठ हजारांचा एक आकडा तयार होतो. त्या आकड्यात यंत्रमागवाला सुखानं विकतो आणि हातमागवाल्याचं सूतसुद्धा सुटत नाही. म्हणून या चार ओळींचं खरं काम साडीची स्तुती करणं हे नाहीच. गिऱ्हाइकाला फरक स्वतःच्या हातानं, उभ्या उभ्या, मिनिटभरात ओळखता आला पाहिजे.

त्यासाठी आधी फरक नेमका कुठे आहे हे मला पाहायला हवं होतं. मी येवल्याला गेले.

मागावर साडी चढलेली होती आणि पदर सुरू होता. पदराची जमीन जरीची, त्यावर बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलात बसवलेला मोर. दादा मागावर बसले होते आणि त्यांच्यासमोर ताण्यावर छोट्या छोट्या तिल्ल्या ओळीनं लोंबत होत्या. तिल्ली म्हणजे बोटाएवढी काडी, तिच्यावर एकाच रंगाचं रेशीम किंवा जर गुंडाळलेली. मी मोजल्या, त्या ओळीत २७ होत्या. मोराच्या मानेचा निळा धागा ज्या तिल्लीवर, ती तिल्ली फक्त मानेच्या रुंदीपुरती जाते. मानेच्या कडेला पोचली, की तिचा धागा शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवायचा आणि मागे वळवायचा. मग पुढची तिल्ली पिसाऱ्याच्या हिरव्याची, मग लालाची, मग पुन्हा जरीची. अशा २७ तिल्ल्या एकामागून एक हातानं फिरल्या, की एक आडवी ओळ पुरी होते. मग फणी ठोकायची आणि पुढची ओळ. इंचभर पदरात अशा कित्येक ओळी असतात. दिवसभर बसून दादांचा साधारण एक इंच होतो.

यंत्रमागावर हे असं होत नाही आणि सगळा फरक तिथेच आहे. तिथे नक्षीचा रंगीत धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ धावतो. जिथे तो रंग दिसायला हवा तिथे वर येतो, नको तिथे कापडाच्या मागून निघून जातो. त्यामुळे समोरून मोर देखणा दिसतो, पण मागे सगळ्या रंगांचे सुटे धागे लोंबत राहतात. ते तसेच ठेवले तर बांगडीत, पैंजणात अडकतात. म्हणून बहुतेकदा ते कापून टाकतात आणि मग मागच्या बाजूला कुसळांसारखी टोकं राहतात. काही ठिकाणी ती झाकायला मागे जाळीचं कापड लावतात.

हातमागाच्या पदरात मागे जाणारा धागाच नसतो. निळा धागा मानेपुरता आला आणि वळला. त्यामुळे पदर उलटला तर मागेही तोच मोर, तेच रंग, फक्त तोंड उलट्या दिशेला. दादांनी मागावरच पदराखाली आरसा धरून मला ते दाखवलं. नक्षी नीट बसते आहे ना हे बघायला विणकर जवळ असा आरसा ठेवतात.

आता मला एक वाक्य मिळालं होतं, "पदर उलटून बघा". हे वाक्य पलीकडच्या टेबलावर लावताच येत नाही. लावलं, तर पहिल्याच गिऱ्हाइकानं साडी उलटली की ते उघडं पडेल. आणि ते तपासायला ना भिंग लागतं, ना कुणा जाणकाराचा दाखला.

मग आम्ही किमतीचा हिशेब मांडायला बसलो. तो कुणी कधी कागदावर मांडला नव्हता. रेशीम आणि रंगाई मिळून ५,५०० रुपये. जर २,०००. ताणा भरणं, सांधणं आणि बाकी किरकोळ १,५००. मग विणकाम. साधारण २४ इंचांचा पदर, दिवसाला एक इंच, म्हणजे २४ दिवस. बाकीचं अंग, बुट्टी आणि काठ धरून, १४ दिवस. एकूण ३८ दिवस, दिवसाचे ५०० रुपये, म्हणजे १९,०००. इथपर्यंत २८,००० झाले. उरलेल्या ४,००० मध्ये मागाची दुरुस्ती, प्रदर्शनाचं भाडं, येणं-जाणं आणि साडी विकली जाईपर्यंत त्यात अडकून पडलेला पैसा. हे आकडे या एका घरचे, या एका साडीचे आहेत. दुसऱ्या घरी पदर मोठा असेल, मजुरी वेगळी असेल. पण हिशेबाचा आकार असाच राहतो.

तो आकार पाहिला आणि वहिनींच्या मजकुरात काय चुकत होतं ते आम्हा दोघींनाही कळलं. त्यांनी सुरुवातीला "शुद्ध रेशीम" लिहिलं होतं. रेशमाचा वाटा ३२,००० मध्ये ५,५००. दिवसांचा वाटा १९,०००, म्हणजे जवळजवळ साठ टक्के. ज्या गोष्टीचे पैसे गिऱ्हाईक सर्वांत जास्त देतं, तिचा मजकुरात उल्लेखच नव्हता.

शिवाय रेशमाच्या दाव्यात आणखी एक खाच आहे. आपण सरसकट सेमी पैठणी म्हणून ज्या बाजूला टाकतो, त्या साड्या एकाच प्रकारच्या नसतात. सर्वांत स्वस्त ती नकली रेशमाची, यंत्रमागावरची. तिच्यावरच्या पायरीला खऱ्या, शुद्ध रेशमाची पण यंत्रमागावर विणलेली साडी असते. त्याही वर हातमागावरचीच, पण पदराची नक्षी तिल्ल्यांऐवजी जॅकार्डवर काढलेली. "शुद्ध रेशीम" हे वाक्य फक्त पहिलीला बाद करतं. दुसरी साडी ते वाक्य पूर्ण खरेपणानं स्वतःवर लावून घेऊ शकते. आणि "हातमाग" एवढाच शब्द तिसरीलाही लागू पडतो. गिऱ्हाईक तुमची साडी मनातल्या मनात नेमकी कोणत्या साडीशेजारी ठेवून बघतंय, ते ओळखून तिला जे म्हणता येणार नाही ते लिहावं लागतं. तिल्लीनं भरलेला पदर आणि त्याला लागलेले दिवस, या दोन गोष्टी तिघींपैकी एकीलाही म्हणता येत नाहीत.

हीच गोष्ट चिन्हांच्या बाबतीत लक्षात ठेवायला हवी, कारण लोक एक चिन्ह पाहून भलतंच समजतात. सिल्क मार्क हा केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं आलेला शिक्का फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो. साडी यंत्रमागावरची असली तरी तो लागू शकतो आणि त्यात काही गैर नाही. माग हातानं चालवलाय हे सांगायला हँडलूम मार्क हे वेगळं चिन्ह आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते नावाचं आणि त्या भागातल्या विणीच्या पद्धतीचं संरक्षण करतं, आणि त्याखाली नोंदलेल्या विणकरालाच ते स्वतःच्या मालावर मिरवायचा अधिकार असतो. वहिनींकडे सिल्क मार्कची पट्टी होती, म्हणून तेवढंच लिहायचं ठरलं. जे चिन्ह साडीला टांगलेलं नाही, त्याचं नाव मजकुरात येऊ द्यायचं नाही हा माझा नेहमीचा आग्रह असतो.

दोन हजार वर्षांच्या परंपरेवरून आमचा थोडा वाद झाला. दादांना ते वाक्य हवंच होतं. पैठण ही सातवाहनांची राजधानी होती, तिथून दूरदेशी व्यापार चाले, हे खरंच आहे. पहिल्या शतकाच्या सुमारास एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहिलेल्या "पेरिप्लस"मध्ये पैठणचं नाव आहे. पण तिथे पैठणहून भडोचला जाणारा माल म्हणून मौल्यवान गोमेदासारख्या दगडांचा उल्लेख येतो, आणि कापड येतं ते तगरचं, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं. पैठणी तेव्हा नव्हती असं यावरून म्हणता येत नाही, पण तो कागद पैठणीचा पुरावा म्हणून पुढे करणंही बरोबर नाही. आणि समजा परंपरा पक्की दोन हजार वर्षांची असली, तरी ती परंपरा पलीकडच्या मोरालाही तेवढीच लागू आहे. नक्षी तर त्यानंही तिथूनच उचलली आहे. दादा थोडे नाराज झाले. मी म्हटलं, "दादा, परंपरा या साडीत आहेच, पण ती तुमच्या बोटांत आहे. बोटांनी काय केलं ते लिहूया." मग ते तयार झाले.

जरीचा मुद्दा सर्वांत नाजूक होता. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली आणि तिला सोन्याचा मुलामा. टेस्टेड जर म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ थर आणि वर सोनेरी रंगत. त्याखाली नुसती प्लॅस्टिकची चमकती जर. वहिनींच्या साडीत टेस्टेड जर होती, आजच्या बऱ्याच हातमागाच्या पैठण्यांत तीच असते. चांदीची घातली असती तर किंमत कुठल्या कुठे गेली असती. पण विकताना बोलण्याच्या ओघात "पैठणी म्हणजे दागिनाच, पिढ्यान्‌पिढ्या किंमत राहते" असं त्या म्हणून जात. आजीच्या काळच्या चांदीच्या जरीच्या साड्या जुन्या झाल्या की व्यापारी वजनावर घ्यायचे, जर जाळून चांदी काढायचे. ती आठवण घराघरांत आहे, म्हणून ते वाक्य गिऱ्हाइकाला लगेच पटतं. टेस्टेड जरीच्या साडीबद्दल ते वाक्य मात्र खोटं आहे. वीस वर्षांनी कुणी ती मोडायला नेली तर हातात काही येणार नाही, आणि तेव्हा त्या बाईच्या मनात सबंध येवल्याबद्दल किंतू बसेल. कायद्यानंही हे अंगाशी येऊ शकतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण मला कायद्यापेक्षा त्या बाईचं जास्त वाटत होतं.

"म्हणजे आपणच सांगायचं, की जर चांदीची नाही?" वहिनींनी विचारलं.

हो, आपणच सांगायचं. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं हे ठाम मत झालंय, की महाग मालाच्या मजकुरात एक तरी वाक्य मालाच्या मर्यादेचं असावं. जो विकणारा न विचारता जरीबद्दल खरं सांगतो, त्याच्या दिवसांच्या आकड्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. ३८ दिवस कुणी डोळ्यांनी पाहिलेले नसतात. ते पटायला त्याआधी काहीतरी पडताळून पाहिलेलं असावं लागतं. पदराची उलटी बाजू हे एक, आणि जरीबद्दलचा कबुलीजबाब हे दुसरं.

यंत्रमागाबद्दल वाईट लिहायचं नाही हेही मी आधीच सांगून टाकलं. ज्या बाईकडे साडेचार हजारच आहेत आणि मुलीच्या साखरपुड्याला तिला जांभळी मोराची साडी नेसायची आहे, तिच्यासाठी ती साडी उत्तम आहे. तक्रार त्या साडीबद्दल नाही. ती साडी हातमागाची म्हणून विकली जाते, तक्रार त्याबद्दल आहे.

शेवटी जो मजकूर ठरला तो इथे पूर्ण देते:

"ही साडी येवल्यात हातमागावर एकाच विणकरानं ३८ दिवसांत विणली. त्यातले २४ दिवस एकट्या पदराचे. दिवसाला साधारण एक इंच. पदर उलटून बघा. मोर मागूनही तसाच दिसेल, कारण प्रत्येक रंग वेगळ्या तिल्लीनं तेवढ्याच जागेत भरला आहे. मागे सुटा धागा नाही, त्यामुळे बांगडीत अडकून नक्षी उसवत नाही. रेशीम शुद्ध आहे, सिल्क मार्कची पट्टी सोबत आहे. जर टेस्टेड आहे, चांदीची नाही. किंमत ३२,००० रुपये, त्यातले १९,००० विणकामाचे. अशाच नक्षीची यंत्रमागाची साडी पुष्कळ स्वस्त मिळते आणि ती नेसायला चांगली असते. ती घेण्याआधी तिचाही पदर उलटून बघा."

क्रमाकडे लक्ष द्या. किंमत सगळ्यात शेवटी लपवलेली नाही, पण कारणांच्या आधीही आलेली नाही. दिवस पहिल्या वाक्यात, कारण पैशाचा मोठा वाटा तिथे आहे. त्याला लागूनच पडताळा. मग त्या विणीचा नेसणारीला काय उपयोग, कारण मागची बाजू नीट आहे म्हणून मला काय, असं गिऱ्हाईक विचारणारच. "उत्कृष्ट" किंवा "अस्सल" हे शब्द एकदाही आले नाहीत, आणि वाचताना त्यांची उणीव जाणवत नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही केली. मागावरून साडी उतरवताना पदराच्या टोकाला ताण्याच्या दशा राहतात. त्यातल्या दोन-तीन इंचांच्या दशा कागदाला टाचून ठेवल्या आणि खाली लिहिलं, "घरी नेऊन जाळून बघा." रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटानं चुरगळली की भुगा होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. अर्थात टाचलेला धागा याच साडीचा कशावरून, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. म्हणून साडी घेणारीला तिच्याच साडीच्या दशेतला धागा समोर काढून द्यायचा, असं ठरलं.

पदर उलटण्याची कसोटी सुद्धा सगळीकडे पुरी पडत नाही, हे इथेच सांगायला हवं. मागची बाजू बरीच साफ दिसेल अशी यंत्रमागाची साडीही आता मिळते. अशा वेळी नक्षीच्या कडेकडे बघावं. दोन रंग जिथे भेटतात तिथे हातमागावर एका रंगाचा धागा दुसऱ्यात अडकून वळलेला असतो, त्याची बारीक दातेरी शिवण दिसते. आणि पदरावरचे दोन मोर शेजारी ठेवून बघावेत. हाताचे दोन मोर कधी तंतोतंत सारखे नसतात. एकाची चोच किंचित जाड असते, एकाची मान केसभर बारीक. यंत्राचे मोर मात्र शेवटच्या टाक्यापर्यंत सारखेच.

मी त्या प्रदर्शनाला शनिवारी दुपारी गेले. टेबलाशी तासभर मागे उभी राहिले. बहुतेक बायका कागद पूर्ण वाचत नव्हत्या. नजर "उलटून बघा" या शब्दांवर यायची आणि हात आपोआप पदराकडे जायचा. तेवढ्यानं काम होत होतं. एक बाई मागची बाजू बघून बराच वेळ गप्प राहिल्या, मग पिशवीतून स्वतःच नुकतीच घेतलेली साडी काढून तिचा पदर त्यांनी उलटला. त्यांचा चेहरा उतरला. वहिनींनी पटकन सांगितलं, "ती पण छान आहे हो मावशी, किती दिलेत?" मावशींनी आकडा सांगितला. तो यंत्रमागाच्या साडीला साजेसाच होता, त्यांना कुणी फसवलेलं नव्हतं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या एका तरुण मुलीनं कागद वाचला, पदर पाहिला, सगळं पटल्याचं सांगितलं आणि म्हणाली, "पण लांबून तर सारखीच दिसते ना?" याला आमच्या मजकुरात उत्तर नव्हतं. खरंच सारखी दिसते. जिला कार्यात फोटोत दिसण्यापुरती साडी हवी आहे, तिला बत्तीस हजार खर्च करायला लावणारं वाक्य मला लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. ती मुलगी हसून निघून गेली. वहिनींनाही त्याचं वाईट वाटलं नाही. मागच्या वर्षी त्यांना टोचायचं ते "महाग लावता" हे बोलणं. यंदा कुणी तसं म्हणालं नाही, घेतली नाही त्यांनीही नाही.

चार दिवसांत त्यांच्या दोन साड्या गेल्या. एरवी प्रदर्शनात कधी एक जाते, कधी एकही नाही, त्यामुळे दोनवरून मी काही सिद्धांत मांडणार नाही.

मला हिशेबातली एक गोष्ट मात्र तेव्हापासून खुपत होती आणि मी ती वहिनींना परतीच्या वाटेवर बोलून दाखवली. त्या ३८ दिवसांत रहाटावर बसून तिल्ल्या कोण भरत होतं? रंगाप्रमाणे धागा लावून ठेवणं, तुटला की जोडून देणं, हे सगळं कुणाचं? ते त्यांचंच होतं, रोजचे दोन-तीन तास, आणि ५०० रुपयांत त्यांचा वेगळा एकही रुपया धरलेला नव्हता. कागदावर तर आम्ही छापलं होतं, "एकाच विणकरानं". वहिनी म्हणाल्या, "ते घरचंच काम की ताई." मी तेव्हा गप्प बसले.

जानेवारीत त्यांनी पुढच्या साडीचा फोटो पाठवला. या खेपेला पदर मोठा, दिवस ५१. कागद मला न विचारता त्यांनी स्वतःच, स्वतःच्या अक्षरात लिहिला होता. जरीचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं होतं. पहिलं वाक्य बदललं होतं: "ही साडी येवल्यात हातमागावर दोघांनी ५१ दिवसांत केली. विणकाम यांचं, तिल्ल्या माझ्या." आणि किमतीच्या फोडीत विणकामाखाली एक नवी ओळ होती, तिल्ल्या भरण्याची, तिच्यासमोर आकडा लिहिलेला.